‘नावं मी काढून टाकेन’ – नेमकं तिथेच अडलंय

*ताई, नमस्कार. मी संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत इंटर्नशिप केली. एकदा बंद पडलेली लिफ्ट पुन्हा किती दिवसांनी बंद पडते, यावर तिथल्या तक्रारींच्या नोंदी घेऊन प्रोजेक्ट करायचा आहे. कंपनीला ईमेल केला: ‘प्रोजेक्टसाठी आपला निनावी डेटा वापरायची परवानगी मिळावी. नावं मी काढून टाकेन. डेटा पूर्णपणे गोपनीय राहील.’ तीन आठवडे झाले, उत्तर नाही. ज्या साहेबांच्या हाताखाली काम केलं ते तेव्हा म्हणाले होते, ‘वापर की, त्यात काय!’ इंटर्नशिपमधली एक्सेल फाइल माझ्याकडे अजून आहे. गाइड म्हणतात लेखी परवानगी हवीच. आठवणीचा मेल पाठवू, की तोवर फाइलवर काम सुरू करू?*

दोन्ही करू नकोस. फाइल उघडू नकोस आणि त्याच मेलची आठवणही करू नकोस, कारण तो मेल ‘हो’ म्हणण्यासारखाच नाही. नवा लिहावा लागेल. कसा ते पुढे सांगते, पण आधी जुना का अडला ते बघू. मी अशी पत्रं दोन्ही बाजूंनी पाहिली आहेत: विद्यार्थ्यांची लिहून घेतली आहेत आणि एका कंपनीत असताना वाचलीही आहेत.

तुझं वाक्य पुन्हा वाच: ‘नावं मी काढून टाकेन.’ म्हणजे नावं असलेली फाइल आधी तुझ्याकडे यायची आणि मग ती तू पुसायचीस. तू मागतेयस निनावी नोंदी, पण वाक्याचा अर्थ होतो की ग्राहकांची नावं, फोन नंबर आणि पत्ते असलेला सगळा पसारा एका विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर जाऊ द्या. मेल वाचणाऱ्याला हे ताबडतोब दिसतं. ओळख पुसायचं काम नोंदी कंपनीबाहेर पडण्याआधी, कंपनीच्याच माणसाने, कंपनीच्याच संगणकावर करायचं असतं. तुझ्या हातात येईल ती पुसलेलीच प्रत. एवढा एक बदल केलास तरी मेलचा सगळा सूर बदलतो.

‘पूर्णपणे गोपनीय राहील’ हेही काढ. प्रोजेक्टचा अहवाल गाइड वाचणार, बाहेरचा परीक्षक वाचणार, तो ग्रंथालयात जाणार आणि उचलेगिरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही चढवला जाणार. मग पूर्णपणे गोपनीय काय राहिलं? कच्च्या नोंदी फक्त तू आणि गाइड पाहणार, अहवालात फक्त एकत्रित आकडे येणार, असं लिहिलंस तर ते खरं असेल आणि तुला पाळताही येईल.

आणि मुख्य म्हणजे ‘निनावी डेटा’ म्हणून कंपनीकडे तयार असं काहीच पडलेलं नसतं. तक्रारींचा तक्ता असतो. त्यातून काय द्यायचं, काय गाळायचं, कुणी बसून काढायचं, हे ठरवायची जबाबदारी तुझ्या मेलने समोरच्यावर टाकली. ज्याचं ते रोजचं काम नाही, तो असा मेल ‘बघू नंतर’ म्हणून बाजूला ठेवतो. त्याने नकार दिलेला नाही, त्याला काय करायचं तेच कळलेलं नाही.

म्हणून नव्या मेलच्या आधी एक कागद तयार कर: कोणते रकाने हवेत, कोणत्या रूपात हवेत आणि का हवेत. खरी मेहनत याच कागदाची आहे.

लिफ्टच्या तक्रारींच्या तक्त्यात साधारण काय काय असतं, ते तुला इंटर्नशिपमुळे माहीतच आहे. तक्रार क्रमांक, इमारतीचं नाव, फोन करणाऱ्याचं नाव आणि नंबर, तारीख-वेळ, लिफ्टचा नोंदणी क्रमांक, प्रकार, बिघाड, तंत्रज्ञ कोण, कधी पोचला, काय बदललं, काम कधी संपलं आणि शेवटी ‘शेरा’. बहुतेकांना वाटतं की यातलं नाव आणि फोन उडवला की झालं. तसं होत नाही.

सगळ्यात घातक रकाना शेरा. तंत्रज्ञ त्यात मोकळेपणाने लिहितो: ‘वॉचमनकडे चावी, आधी फोन करावा’ आणि पुढे वॉचमनचा नंबर. ‘चौथ्या मजल्यावरच्या आजी अडकल्या होत्या, घाबरल्या आहेत.’ नावांचा रकाना उडवला तरी हे सगळं तिथेच राहतं, आणि हजारो शेरे वाचून एकेक खोडायला कुणाला वेळ नसतो. तेव्हा शेरा मागूच नकोस. बिघाडाचा प्रकार वेगळ्या रकान्यात नसेल, तर कंपनीतल्याच कुणी शेरा वाचून ‘दार’, ‘नियंत्रण पॅनल’, ‘मोटर’, ‘इतर’ अशी वर्गवारी करून द्यावी लागेल. ते मोठं काम आहे. तसं असेल तर प्रोजेक्टचाच प्रश्न थोडा बदलणं शहाणपणाचं.

दुसरी अडचण नोंदणी क्रमांकाची. तीच लिफ्ट पुन्हा बंद पडली हे कळायला प्रत्येक लिफ्टला काहीतरी कायमची खूण लागणारच, तो तुझ्या प्रश्नाचा गाभा आहे. इथे हुशार विद्यार्थी सुचवतात की क्रमांक हॅश करा, म्हणजे गणिती प्रक्रियेने त्याची एक अगम्य अक्षरमाळ करा. हे करू नका. न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या 2013 मधल्या सतरा कोटींहून जास्त फेऱ्यांच्या नोंदी 2014 मध्ये बाहेर आल्या, तेव्हा गाडीचा आणि चालकाचा क्रमांक असाच MD5 ने हॅश केलेला होता. पण तिथे गाडीचे क्रमांक ठरावीक साच्यातले असतात, म्हणून शक्य असलेले क्रमांक मोजकेच. एका प्रोग्रॅमरने ते सगळे संगणकाकडून हॅश करवून घेतले, जुळवून पाहिले आणि काही तासांत पूर्ण यादी उलगडली. लिफ्टचे नोंदणी क्रमांकही साच्यातलेच असतात. त्यामुळे कंपनीने प्रत्येक लिफ्टला यादृच्छिक क्रमांक द्यावा. मूळ क्रमांकाशी त्याचं कोणतंही गणिती नातं नको, आणि कोणता क्रमांक कुठल्या लिफ्टचा ही जोडयादी कंपनीकडेच राहावी.

ही जोडयादी कंपनीकडे आहे तोवर या नोंदी काटेकोर अर्थाने निनावी नसतात, फक्त त्यांच्यावरची ओळख झाकलेली असते. युरोपच्या माहिती-संरक्षण नियमांत, ज्यांना जीडीपीआर म्हणतात, या दोन अवस्था स्पष्टपणे वेगळ्या धरल्या आहेत. म्हणून मेलमध्ये ‘निनावी’ हा शब्द मिरवण्यापेक्षा नेमकं काय काढलं आणि काय बदललं ते लिही. कायदा विभागातल्या माणसाला विशेषणापेक्षा यादी जास्त पटते.

आता तारखा. तारीख आणि वेळ असली की इमारतीतला कुणीही आपली नोंद ओळखू शकतो, कारण पहाटे लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला तो दिवस विसरता येत नाही. तुला तारीख हवी आहे का? नाही, तुला अंतर हवं आहे. मग प्रत्येक लिफ्टची पहिली तक्रार म्हणजे तिचा दिवस 0 धरायचा आणि पुढच्या तक्रारी 41, 97, 210 अशा दिवसांत मोजायच्या. तारखा आपोआप नाहीशा होतात आणि तुझं गणित जसंच्या तसं राहतं. यात ऋतूचा परिणाम मात्र तपासता येणार नाही. तो हवाच असेल तर फक्त महिना माग, पण मग त्याची गरज का आहे हेही लिहावं लागेल. मी तुझ्या जागी असते तर सोडून दिला असता.

इथे संख्याशास्त्राचा एक मुद्दा आहे, आणि तो आत्ताच धरला नाहीस तर दोन महिन्यांनी कंपनीला पुन्हा मेल करायची वेळ येईल. समज, एका लिफ्टची एक तक्रार आली आणि त्यानंतर एकही नाही. ती लिफ्ट उत्तम चालली, की तिच्या मालकाने देखभालीचा करारच दुसऱ्या कंपनीला दिला? तक्रारींच्या तक्त्यावरून हे कळत नाही. करार सोडून गेलेल्या सगळ्या लिफ्ट तुझ्या विश्लेषणात ठणठणीत दिसतील आणि निष्कर्ष खोटा निघेल. म्हणून प्रत्येक लिफ्टसाठी ‘निरीक्षणाचा शेवटचा दिवस’ असा आणखी एक रकाना हवा, त्याच दिवस 0 पासून मोजलेला. कोणते ग्राहक सोडून गेले ही कुठल्याही कंपनीची दुखरी बाजू असते. त्यामुळे हा रकाना का हवा, ते एका वाक्यात सांग.

आणि या रकान्यातून एक चोरवाट उघडते, तीही बघ. नोंदी कोणत्या तारखेला संपतात हे माहीत असेल आणि एखाद्या लिफ्टचा शेवटचा दिवस 512 असेल, तर त्या तारखेतून 512 दिवस वजा केले की त्या लिफ्टची पहिली तक्रार कोणत्या तारखेला आली ते निघतं! लपवलेल्या तारखा वजाबाकीने परत आल्या. त्यावर उपाय एवढाच, की कंपनीने ‘सलग दोन वर्षांच्या नोंदी’ द्याव्यात आणि त्या कधी सुरू झाल्या, कधी संपल्या हे तुला सांगूच नये. हे तू स्वतःहून सुचवलंस, तर वाचणाऱ्याला कळेल की या मुलीने विचार केलाय.

प्रकार आणि वय यांत धोका दुर्मीळपणाचा असतो. दीडशे साध्या लिफ्टच्या यादीत काचेची लिफ्ट एकच असेल, तर तिला कितीही यादृच्छिक क्रमांक दे, ती ओळखू येणारच. म्हणून वय पाच-पाच वर्षांच्या गटांत घ्यायचं आणि ज्या प्रकारात 5 पेक्षा कमी लिफ्ट असतील तो प्रकार ‘इतर’मध्ये टाकायचा. हाच नियम अहवालातल्या तक्त्यांनाही लाव.

तंत्रज्ञाचं नाव तू मागितलं नसशील असं धरते. सांकेतिक क्रमांकाने सुद्धा मागू नकोस. ‘तंत्रज्ञ 7 ने दुरुस्त केलेल्या लिफ्ट लवकर बंद पडतात’ असं एक वाक्य अहवालात आलं, तर कंपनीतल्या प्रत्येकाला 7 कोण ते कळेल, आणि त्या माणसाने तुला परवानगी दिलेली नाही.

आता कंपनीच्या मनातली खरी भीती. अशा ठिकाणी ग्राहकांच्या खासगीपणाची काळजी असतेच, पण अनेकदा त्याहून जास्त काळजी असते ती स्वतःच्या अब्रूची. तक्रार आल्यापासून माणूस पोचेपर्यंत किती वेळ लागला, याची बांधिलकी देखभालीच्या करारात असू शकते. तो वेळ तुझ्या फाइलमध्ये आला, की उशीर झालेल्या प्रत्येक वेळेचा पुरावा कंपनीबाहेर गेला. तुझ्या प्रश्नाला तो वेळ लागत नाही. एका तक्रारीपासून पुढच्या तक्रारीपर्यंतचं अंतर तुला पुरतं. दुरुस्तीला लागलेला काळ त्यात मिसळतो हे खरं, पण तेवढी मर्यादा अहवालात लिहून टाक. तसंच कुणाला इजा झाली असेल त्या नोंदी स्वतःहून वगळायला सांग. त्यांच्यावर विम्याचे किंवा कोर्टाचे वाद चालू असू शकतात, आणि तशी एक नोंद सापडेल या शंकेनेच पूर्ण मागणी नाकारली जाते. वगळल्याने नमुना थोडा एकांगी होतो. तेही मर्यादांच्या परिच्छेदात जाईल.

मेल पाठवायच्या आधी त्या साहेबांना फोन कर. त्यांचं ‘वापर की’ ही परवानगी नाही. बहुधा तो त्यांचा अधिकारही नसेल, पण त्यांच्यामुळे दार उघडू शकतं. त्यांना एवढंच विचार, की अशी लेखी परवानगी कोण देऊ शकतं आणि मेल कुणाच्या नावाने करू. नव्या मेलमध्ये ‘अमुक साहेब तोंडी हो म्हणाले आहेत’ असं चुकूनही लिहू नकोस. चांगल्या मनाने बोललेला माणूस विनाकारण अडचणीत येईल, आणि पुढे तुझ्यासाठी शब्द टाकणार नाही.

त्याच फोनवर फाइलचंही सांग. इंटर्नशिपच्या कामासाठी मिळालेली फाइल त्या कामापुरतीच होती. सुरुवातीला तू जे हमीपत्र भरून दिलंस त्यात बहुतेक तसं लिहिलेलंही असेल, ते काढून वाच. ‘ती फाइल अजून माझ्याकडे आहे, प्रोजेक्टसाठी वापरलेली नाही, तुम्ही सांगाल तशी काढून टाकते’ असं बोल आणि फोननंतर तेच दोन ओळींच्या मेलने पाठव. त्यांचं उत्तर आलं की सगळीकडून काढ: लॅपटॉप, पेनड्राइव्ह, ड्राइव्हवरची आपोआप झालेली प्रत आणि स्वतःलाच पाठवलेला मेल. ‘नुसतं बघते, वापरत नाही’ हा मोहही टाळ. एकदा आकडे पाहिले, की ते तुझ्या प्रोजेक्टच्या आराखड्यात शिरतात आणि गाइड विचारतात, हे तुला कुठून कळलं? शिवाय तुमच्या कॉलेजात नैतिकता समितीची मान्यता लागत असेल, तर अशा समित्या काम झाल्यावर मागच्या तारखेने मान्यता देत नाहीत. गाइडना हे आत्ताच विचारून घे.

हे सगळं झालं की मेल असा लिही.

> विषय: शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी लिफ्ट तक्रारींच्या ओळख काढलेल्या नोंदी वापरण्याच्या लेखी परवानगीची विनंती
>
> माननीय महोदय,
>
> मी संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी असून गेल्या सुट्टीत आपल्या सेवा विभागात इंटर्नशिप केली आहे. माझ्या प्रोजेक्टचा प्रश्न असा आहे: एका तक्रारीनंतर त्याच लिफ्टची पुढची तक्रार किती दिवसांनी येते, आणि ते बिघाडाच्या प्रकारावर अवलंबून असतं का.
>
> यासाठी कोणत्याही सलग दोन वर्षांच्या नोंदींतले पुढील सात रकाने मिळावेत ही विनंती: लिफ्टला दिलेला यादृच्छिक क्रमांक, लिफ्टचा प्रकार, वयोगट, बिघाडाचा प्रकार, सुटा भाग बदलला की नाही, त्या लिफ्टच्या पहिल्या तक्रारीपासून मोजलेला तक्रारीचा दिवस, आणि त्याच पद्धतीने मोजलेला निरीक्षणाचा शेवटचा दिवस. प्रत्येक रकाना का हवा हे सोबतच्या एका पानात दिलं आहे. ग्राहक, इमारत, पत्ता, फोन, कर्मचारी, तारीख-वेळ, पोचण्यास लागलेला वेळ आणि शेरे यांपैकी काहीही नको आहे. इजा झालेल्या घटनांच्या नोंदी वगळाव्यात. दोन वर्षं कोणती, हेही मला कळवू नये.
>
> ओळख काढण्याचं काम आपल्याकडेच व्हावं आणि क्रमांकांची जोडयादी आपल्याकडेच राहावी. नोंदी फक्त मी आणि माझे मार्गदर्शक पाहू. त्या पासवर्ड असलेल्या एकाच संगणकावर राहतील, ऑनलाइन कुठेही ठेवल्या जाणार नाहीत आणि निकाल लागल्यावर पुसून तसं आपल्याला कळवीन. अहवालात कंपनीचं नाव नसेल, 5 पेक्षा कमी लिफ्टचा कोणताही आकडा नसेल आणि एकही मूळ नोंद छापली जाणार नाही. अहवाल महाविद्यालयाच्या ग्रंथालयात राहील. त्यातून लेख प्रसिद्ध करायचा झाल्यास वेगळी परवानगी घेईन.
>
> सादर करण्याआधी 10 कामकाजाचे दिवस मसुदा आपल्याला पाठवीन. कंपनी किंवा व्यक्ती ओळखू येईल असं काही असल्यास, अथवा तपशिलाची चूक असल्यास दाखवावी, मी दुरुस्त करीन. विश्लेषणाचे निष्कर्ष मात्र जसे येतील तसे राहतील.
>
> नोंदी बाहेर देणं शक्य नसल्यास मी विश्लेषणाचा प्रोग्रॅम लिहून देऊ शकते. तो आपल्याकडे चालवून फक्त निकालाचे तक्ते दिलेत तरी माझं काम होईल.
>
> मान्य असल्यास या मेललाच उत्तर म्हणून तसं कळवावं. काही अटी किंवा करारपत्र असल्यास तेही पाठवावं. आराखडा सादर करण्याची मुदत लक्षात घेता या महिनाअखेरपर्यंत उत्तर मिळाल्यास आभारी राहीन. माझ्या मार्गदर्शकांना या मेलची प्रत दिली आहे.
>
> आपली विश्वासू,

खाली पूर्ण नाव, वर्ग, महाविद्यालय आणि फोन नंबर. मेल कॉलेजच्या पत्त्यावरून पाठव, खासगी पत्त्यावरून नको.

मसुदा लांब वाटेल. वाटू दे. त्यातली जवळपास प्रत्येक ओळ कुणीतरी विचारणारच असलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. कापायचंच असेल तर सात रकान्यांचा तपशील जोडलेल्या पानात हलव, पण ‘यांपैकी काहीही नको आहे’ हे वाक्य मेलमध्येच ठेव. वरिष्ठांना पाठवताना लोक जोडपत्र उघडतीलच असं नाही.

निष्कर्ष जसे येतील तसे राहतील, हे वाक्य लिहायला तू कचरशील. लिही. पुढे ‘हा आलेख काढून टाका’ असं सांगितलं गेलं, तर तुझ्याकडे आधी ठरलेला शब्द हवा. मसुदा दाखवणं आणि मसुद्याला मंजुरी मागणं यांत फरक आहे, आणि तो परवानगीच्या वेळीच ठरतो. काही कंपन्या याला तयार होत नाहीत, त्यांना निष्कर्षांवरही हक्क हवा असतो. तसं झालं तर एकटीने होकार देऊ नकोस, गाइडना बोलू दे.

उत्तर आलं की नीट वाच. ‘हरकत नाही’ एवढी एक ओळ चालते, पण ती तुझ्या मेलच्या खाली, कंपनीच्या पत्त्यावरून आणि अधिकार असलेल्या माणसाची हवी, म्हणजे कशाला हरकत नाही ते सोबतच राहतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा चालत नाही. पूर्ण संवाद पीडीएफ करून गाइडकडे दे. मात्र परवानगीचं पत्र अहवालाच्या परिशिष्टात बांधू नकोस. पानापानावर ‘लिफ्ट देखभाल करणारी एक कंपनी’ असं जपून लिहायचं आणि शेवटी कंपनीच्या लेटरहेडचं पत्र जोडायचं, असे अहवाल मी पाहिले आहेत. आभाराच्या पानावरही साहेबांचं नाव आणि हुद्दा येऊन जातो. पत्र विभागाच्या फायलीत राहू दे, आभार नाव न घेता मान. तुझ्या बायोडेटात इंटर्नशिपची कंपनी लिहिलेली असणार, ते टाळता येणार नाही. म्हणूनच नाव लपवण्यावर सगळी भिस्त ठेवायची नाही, नोंदीच मुळात निरुपद्रवी हव्यात.

फाइल आली की विश्लेषणाआधी ती वरून खाली चाळ. सात ऐवजी दहा रकाने आलेले असू शकतात. शेरा चुकून राहिलेला असतो, किंवा एक्सेलमध्ये रकाना पुसण्याऐवजी नुसता लपवलेला असतो आणि दुसऱ्या शीटवर मूळ तक्ता तसाच बसलेला असतो. असं दिसलं तर स्वतः साफ करून गप्प बसू नकोस. लगेच कळव, ती प्रत पुसून टाक आणि नवीन माग. शक्य असेल तर सुरुवातीलाच सीएसव्ही माग, त्यात रकाना लपवता येत नाही, असेल तो लगेच दिसतो, आणि जास्तीच्या शीटही राहत नाहीत.

दोन आठवडे उत्तर आलं नाही, तर एकदाच आठवण कर, त्याच मेलखाली दोन ओळींत. त्यानंतरही शांतता असेल तर तिला नकार समज. उत्तर न येणं म्हणजे संमती नव्हे.

आणि तोवर हात बांधून बसायची गरज नाही. तुला पुन्हा पुन्हा घडणाऱ्या घटनांमधल्या अंतराचं गणित करायचं आहे. त्यासाठी R मधल्या `survival` पॅकेजमध्ये `bladder` नावाचा डेटा आयताच मिळतो. त्यात मूत्राशयाच्या गाठी पुन्हा उद्भवण्याच्या नोंदी आहेत. विषय अगदी वेगळा, पण रचना तुझ्यासारखीच: एक रुग्ण, अनेक वेळा घडणारी घटना आणि निरीक्षण कधी थांबलं त्याची नोंद. तुझा सगळा प्रोग्रॅम त्यावर लिहून तपासून ठेव. कंपनीने फक्त तक्ते द्यायचं मान्य केलं, तर हाच प्रोग्रॅम रकान्यांची नावं आणि मांडणी त्यांच्या तक्त्याशी जुळवून त्यांना पाठवता येईल. आणि नकारच आला, तर गाइडशी बोलून प्रोजेक्टचं शीर्षक पद्धतीकडे वळव आणि याच डेटावर पूर्ण कर. या निर्णयाची तारीख आज गाइडबरोबर ठरवून घे, आराखडा द्यायच्या किमान आठवडाभर आधीची.

नोंदी पुसायची तारीख मसुद्यात ‘निकाल लागल्यावर’ अशी ठेवली आहे ती मुद्दाम. बरेच विद्यार्थी ‘सादर केल्यावर लगेच’ असं लिहून मोकळे होतात, आणि तोंडी परीक्षेत परीक्षक म्हणतात, हा आलेख पुन्हा काढून दाखवा. तुमच्या विभागात नोंदी काही काळ जपून ठेवायचा नियम असेल, तर तो काळ गाइडकडून विचारून घे आणि मेल पाठवण्याआधी तोच घाल.